पाहुण्यांचा परिचय दीड मिनिटात: काय ठेवायचं, काय सोडायचं

प्रश्न: आमच्या गावच्या वाचनालयानं पोळ्यानंतर कापसावरच्या गुलाबी बोंडअळीवर व्याख्यान ठेवलं आहे. पाहुण्या कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञ आहेत आणि त्यांचा परिचय मला करून द्यायचा आहे. त्यांच्याकडून दोन पानी परिचय आला. घरी मोठ्यानं वाचून पाहिला तर आठ मिनिटं लागली, तीन-चारदा जीभ अडखळली. गेल्या वर्षी अशाच परिचयात मागची माणसं उठून पानठेल्यावर गेली होती. पण आमचे अध्यक्ष म्हणतात, पाहुण्या एवढ्या लांबून येतात, त्यांनी दिलेलं सगळं वाचलं नाही तर त्यांचा मान राहणार नाही. मला दोघांचंही पटतं. कमी करायचं तर नेमकं काय कमी करू?
— एक ग्रंथपाल, यवतमाळ जिल्हा

उत्तर:

ताई, तुमच्या हातातला कागद मुळात कशासाठी तयार झाला होता, तिथून सुरुवात करू. विद्यापीठातल्या बहुतेक प्राध्यापकांकडे असा दोन-तीन पानांचा मजकूर तयार असतो. बढतीच्या फायलीला तोच जोडतात, समितीवर नाव सुचवताना तोच जातो, परिसंवादाच्या स्मरणिकेतही तोच छापतात. तो वाचणारा माणूस टेबलाशी बसलेला असतो. हवं ते तो शोधतो आणि बाकीच्यावरून नजर फिरवून पुढे जातो. मंडपात बसलेल्या माणसाला ही सोय नाही. कानावर पडेल ते त्याला त्याच क्रमानं ऐकावं लागतं. तिसऱ्या पुरस्कारापाशी त्याचं लक्ष सुटलं, की ते परत आणायला पाहुण्यांच्या भाषणाची पहिली पाच मिनिटं जातात. तुम्ही परिचय मागितला आणि त्यांच्याकडे तयार होता तो त्यांनी पाठवला. तो शब्दन् शब्द वाचला जावा ही त्यांची इच्छा आहे, असं आपण गृहीत धरतो आहोत. त्यांनी तसं कुठे म्हटल्याचं तुमच्या पत्रात तरी नाही.

आता मानाचं बोलू. अध्यक्षांची काळजी खरी आहे, पण मान द्यायची जागा ते दुसरीकडे शोधताहेत. गावच्या कार्यक्रमात मानासाठी सत्कार असतो. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, कधी मानपत्र, हे सगळं त्यासाठीच. पदव्या आणि पुरस्कारांचा उल्लेख करायचाच असेल तर तो मानपत्रात शोभतो, आणि ते पाहुण्यांसोबत घरी जातं. परिचयाचं काम वेगळं आहे. समोर बसलेल्या कास्तकाराच्या मनात एकच प्रश्न असतो: ही बाई माझ्या पऱ्हाटीबद्दल काय सांगणार, आणि ते मी का ऐकावं? त्याला उत्तर मिळालं की परिचय संपला.

पाहुण्यांना खरं लागतं ते नाव चुकलं तर, पद जुनं सांगितलं तर, आणि बोलायला वेळ उरला नाही तर. त्यातलं तिसरं आपल्याकडे फार घडतं. पत्रिकेवर सहाची वेळ असते, माणसं जमेस्तोवर सात वाजतात. मग दीपप्रज्वलन, तुकडोजी महाराज, गाडगेबाबा आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांचं पूजन, स्वागतगीत, मंचावरच्या प्रत्येकाचा सत्कार, प्रास्ताविक. आठला बायका स्वयंपाकासाठी उठायला लागतात आणि पाहुण्यांचा ड्रायव्हर मंडपाच्या दाराशी येऊन उभा राहतो. अशा वेळी परिचयाची आठ मिनिटं पाहुण्यांच्याच वाट्यातून जातात. अध्यक्षांना हा हिशेब मांडून दाखवा. मला वाटतं, त्यांना तो पटेल.

तुमच्यापुढे रस्ते तीन आहेत. सगळा कागद वाचणं हा पहिला; त्यात काय होतं ते तुम्ही गेल्या वर्षी पाहिलं. दुसरा म्हणजे आपल्या मनानं कापून वाचणं. हा बरा, पण काही राहिलं तर बोल तुमच्यावर येईल. तिसरा मला सगळ्यांत नीट वाटतो: पूर्ण परिचय टाइप करून वाचनालयाच्या फलकावर चार दिवस आधी लावायचा, मंचावर दीड मिनिटाचाच बोलायचा, आणि तो दीड मिनिटाचा मजकूर पाहुण्यांना आधी पाठवून त्यांचा होकार घ्यायचा. त्यांनीच हो म्हटल्यावर अध्यक्षांच्या मनातली धाकधूक राहत नाही. निरोप एवढाच पुरे: "मॅडम, आपला परिचय मिळाला. पूर्ण परिचय वाचनालयाच्या फलकावर लावत आहोत. भाषणाला जास्त वेळ मिळावा म्हणून मंचावर सोबतचा मजकूर वाचीन. नाव, पद किंवा इतर काही चुकलं असेल तर कळवा." कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी पाठवा. आदल्या रात्री पाठवला तर तो त्या गाडीत बसल्यावर वाचतील, आणि तेव्हा रेंज मिळेलच असं नाही.

पण मजकूर लिहायच्या आधी एक फोन करा. पाच-सात मिनिटं पुरतात, आणि त्यातून जे मिळतं ते दोन पानांत सहसा नसतं. आधी नाव विचारा, आणि त्या स्वतः जसं उच्चारतात तसं ऐकून लिहून घ्या. आडनावांत फसगत फार होते. शेवटचं अक्षर "कर" की "करे", मधलं "ळ" की "ल", लग्नानंतरचं नाव त्या लावतात की माहेरचंच ठेवलं आहे, हे कागदावरून कळत नाही. मग आजचं पद विचारा, कारण परिचयाचा कागद दोन-तीन वर्षं जुना असू शकतो आणि सहायक प्राध्यापक मधल्या काळात सहयोगी झालेल्या असतात. "भाषणाचं शीर्षक काय म्हणून सांगू?" हेही विचारा. मग हा प्रश्न: "आमच्या तालुक्यात किंवा आसपास तुमचं काही काम झालंय का?" आणि सगळ्यांत शेवटी, "काही सांगू नये असं आहे का?" हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो टाळू नका. कुणाला जुन्या पदाचा उल्लेख नको असतो, कुणाला घरचं काहीच नको असतं.

पाहुण्या बाई आहेत म्हणून एक गोष्ट स्पष्टच सांगते. आपल्या मंचावर बाईचा परिचय बरेचदा नवऱ्याच्या हुद्द्यापाशी जातो: अमुक साहेबांच्या सौभाग्यवती, दोन मुलं, संसार सांभाळून एवढं मोठं काम. पुरुष पाहुण्यांच्या परिचयात हे कुणी सांगत नाही. बोंडअळीशी त्याचा काही संबंध नाही, म्हणून ते वाक्य कागदावर असलं तरी घेऊ नका.

आता कात्री. पेन्सिल घेऊन बसा आणि दोन पानांतल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: ही ओळ ऐकून मागच्या सतरंजीवरचा माणूस आजच्या विषयाकडे वळेल का? उत्तर "हो" असेल तरच बरोबरची खूण. अशा कागदात एक परिच्छेद हमखास असतो, साधारण या धर्तीचा:

"मॅडमनी बी.एससी. (कृषी) ही पदवी प्रथम श्रेणीत संपादन करून कीटकशास्त्र या विषयात पदव्युत्तर पदवी व 2007 मध्ये आचार्य पदवी प्राप्त केल्यानंतर 2008 मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला येथे सहायक प्राध्यापक या पदावर रुजू होऊन आजतागायत अध्यापन, संशोधन व विस्तार या तिन्ही क्षेत्रांत उल्लेखनीय कार्य करीत असून त्यांचे 34 शोधनिबंध राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले असून त्यांनी 40 गावांमध्ये कामगंध सापळ्यांच्या साहाय्याने बोंडअळीच्या सर्वेक्षणाचे कार्य केले आहे."

बी.एससी.ची श्रेणी गेली. पदव्यांची साखळीही गेली, कारण "कीटकशास्त्रज्ञ" या एका शब्दात ती येऊन जाते. 34 शोधनिबंध सोडताना हात थबकेल, पण गावात हा आकडा मोठा की लहान हे कुणाला ठरवता येत नाही. जो आकडा ऐकणाऱ्याला तोलता येत नाही, तो परिचयात नुसता आवाज करतो. "उल्लेखनीय कार्य" कुणालाही लावता येतं, तेही गेलं. उरलं काय? त्या किती वर्षं काम करताहेत, कुठे करताहेत, आणि शेवटच्या अर्ध्या ओळीतली ती 40 गावं. कागदाच्या तळाशी दबलेली तीच गोष्ट तुमच्या परिचयाचा कणा आहे. सापळे लावून पतंग मोजणारं माणूस बोंडअळीवर बोलायला आलं आहे, यापेक्षा मोठा अधिकार तुमच्या श्रोत्यांना नको आहे.

याच सूत्रानं इतर कुणाचाही परिचय कापता येतो. दंतवैद्य शाळेत मुलांशी बोलायला येणार असतील तर त्यांनी किती शाळांत मुलांचे दात तपासले ते ठेवा, कॉलेजचं सुवर्णपदक सोडा. बँकेचे अधिकारी बचत गटापुढे कर्जाबद्दल बोलणार असतील तर त्यांच्या शाखेनं गटांना दिलेल्या कर्जाबद्दल एक ओळ पुरते.

तुमच्यासाठी मजकूर असा बसतो. त्यातल्या तिरप्या रेघा थांबण्याच्या खुणा आहेत. तीन गावांची ओळ फोनवर मिळाली असं धरलं आहे. नसेल मिळाली तर ती गाळा.

"कास्तकार मंडळी, माता-भगिनींनो, नमस्कार. //
फुलाची डोमकळी दिसते, / तेव्हा अळी आत शिरलेली असते. // बोंड तर बाहेरून चांगलंच दिसतं. // दोन हजार सतराच्या हंगामात / आपण हे भोगलं आहे. // अळी बोंडात शिरण्याआधी / तिची चाहूल कशी घ्यायची, / हा आजचा विषय आहे. //
आजच्या पाहुण्या / कीटकशास्त्रज्ञ आहेत. // अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात / त्या सतरा वर्षांपासून काम करतात. // कास्तकारांच्या वावरात कामगंध सापळे लावायचे. / रोज सकाळी त्यात अडकलेले पतंग मोजायचे. / त्यावरून फवारा मारायचा की थांबायचं, ते ठरवायचं. // हे काम त्यांनी चाळीस गावांत केलं आहे. // त्यातली तीन गावं / आपल्याच तालुक्यातली आहेत. //
भाषण संपल्यावर त्या प्रश्न घेणार आहेत. // कुणी वावरातून बोंडं आणली असतील, / तर तीही त्यांना दाखवता येतील. //
मी विनंती करते, / डॉक्टर ……… मॅडम."

हे शंभराच्या जरा वर शब्द आहेत. घरी भरभर वाचलं तर मिनिटाच्या आत संपेल. पण मंचावर, भोंग्यातून, थांबत थांबत बोलताना मिनिटाला शंभरेक शब्द धरावेत, म्हणजे टाळ्या-थांबे धरून दीड मिनिटात बसतं. दीडशेच्या पुढे शब्द गेले की पुन्हा कात्री घ्या.

यातल्या दोन-तीन जागा मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. सुरुवात पाहुण्यांपासून नाही, विषयापासून आहे, तीही ऐकणाऱ्यांच्या वावरातून. डोमकळी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ती मिटलेली, पिळा पडलेली कळी येते. "प्रादुर्भावग्रस्त फूल" म्हटलं तर काहीच येत नाही. पण विषयाची चाहूल देऊन तिथेच थांबायचं. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणीचा विचार करायचा, हा आकडा तुम्हाला ठाऊक असेल. तो परिचयात सांगायचा मोह आवरा. ते पाहुण्यांच्या भाषणातलं महत्त्वाचं वळण असणार, आणि तुम्ही आधीच सांगून टाकलं तर त्यांच्या तोंडून ऐकताना त्यात काही उरत नाही.

नाव शेवटी का? काही जण म्हणतात, त्यानं उत्सुकता वाढते. आपल्याकडे नाव फ्लेक्सवर हातभर अक्षरांत असतं आणि सत्काराच्या वेळी दोनदा पुकारून झालेलं असतं, तेव्हा उत्सुकतेचा प्रश्नच नाही. नाव शेवटी ठेवायचं ते खूण म्हणून. नाव आलं की पाहुण्यांना कळतं आता उठायचं, लोकांना कळतं आता टाळ्या, माइकवाल्याला कळतं आवाज तयार ठेवायचा. म्हणून नावानंतर एकही शब्द बोलू नका. "त्यांनी आपले अमूल्य मार्गदर्शन करावे अशी मी त्यांना नम्र विनंती करते" हे शेपूट लावलं, तर पाहुण्या अर्ध्या उठलेल्या राहतात आणि टाळ्या मधेच विरतात. विनंती करायची ती नावाआधी.

"यांना परिचयाची गरज नाही" या वाक्यानं परिचय सुरू करू नका. आणि "आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या", "ज्यांचं नाव घेताच" अशी विशेषणंही नकोत. पाहुण्यांना ती संकोचात टाकतात, आणि मग त्या पहिली दोन मिनिटं "मी काही एवढी मोठी नाही" हे सांगण्यात घालवतात. कामाची एक खरी गोष्ट सांगितली की विशेषण लावावं लागत नाही.

जीभ अडखळते त्याबद्दल. यात तुमचा दोष थोडा आणि वाक्यांचा जास्त आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. "करून… केल्यानंतर… होऊन… असून… असून… केले आहे" असं वाक्य चालत राहिलं की बोलणाऱ्याचा श्वास संपतो आणि ऐकणारा क्रियापदाची वाट पाहून कंटाळतो. म्हणून प्रत्येक "करून" आणि "असून" जिथे दिसेल तिथे वाक्य तोडा आणि तिथेच "आहे", "केलं", "करतात" घालून पूर्णविराम द्या. एका वाक्यात एकच माहिती. दहा-बारा शब्दांच्या पुढे वाक्य गेलं तर ते एका श्वासात येत नाही असं समजा.

आकडे आणि सन दुसरी जागा. "दोन हजार आठ सालापासून" ऐकलं की श्रोता मनात वजाबाकी करत बसतो. "सतरा वर्षांपासून" म्हटलं की हिशेब संपतो. एखाद्या सालाला लोकांच्या आठवणीत जागा असेल तेवढंच साल ठेवा. 2017 ठेवलं ते त्यासाठी. त्या हंगामात विदर्भात बोंडअळीनं काय केलं आणि फवारणीत विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात माणसं गेली, हे सांगावं लागत नाही. परिचयात ते उकरूही नका, नुसतं साल पुरे. कार्डावर आकडे अक्षरांत लिहा. एकोणसाठ, त्र्याहत्तर, अठ्ठ्याण्णव यांसारखे आकडे ऐन वेळी डोळ्यांसमोर अंकात आले की जीभ चाचरते. अक्षरांत असले की नुसते वाचायचे असतात.

संस्थेचं नावही असंच. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला आपल्याकडे सगळे पीकेव्हीच म्हणतात, आणि कास्तकाराला तेच पटकन कळतं. मंचावर मात्र नाव एकदा नीट घ्यावं, कारण पाहुण्या त्या संस्थेच्या वतीनं आल्या आहेत. तिथे एक अडचण येते. पाहुण्याही डॉक्टर आणि विद्यापीठाच्या नावातही डॉक्टर; दोन्ही एका वाक्यात आले की घोटाळा होतो. वरच्या मजकुरात विद्यापीठाचं वाक्य वेगळं ठेवून त्यातलं "डॉ." बोलण्यापुरतं गाळलं आहे. फलकावरच्या आणि मानपत्रावरच्या मजकुरात ते पूर्ण असू द्या. कार्डावर "डॉ." असं न लिहिता "डॉक्टर" लिहा, म्हणजे वाचताना "डॉ" म्हणून तोंड अडकत नाही.

लिहून झालं की मोठ्यानं वाचा, उभं राहून, निदान तीनदा. बसून मनात वाचलेलं धरू नका. मनात जीभ कधीच अडखळत नाही. जिथे दोनदा ठेच लागेल तो शब्द बदला, सरावानं तो सुटेल अशी वाट पाहू नका. "सर्वेक्षण" जड जात असेल तर "मोजणी" म्हणा. एकदा घरातल्या कुणाला तरी ऐकवा, ज्यांना विषय माहीत नाही अशा. कागद बाजूला ठेवून विचारा, "कोण येतंय, कशासाठी?" त्यांना दोन्ही सांगता आलं तर मजकूर झाला. नुसतंच "कुणीतरी मोठ्या मॅडम आहेत" असं उत्तर आलं, तर कामाची ओळ अजून पुरेशी स्पष्ट नाही.

कार्ड जाड घ्या. लग्नपत्रिकेचा कोरा मागचा भागही चालतो. साधा कागद पंख्याच्या नाहीतर मोकळ्या मंडपातल्या वाऱ्यात फडफडतो, आणि हात थरथरत असेल तर ते कागदावर जास्त दिसतं. अक्षर बोटभर नको, पण हातभर अंतरावरून सहज वाचता येईल एवढं मोठं हवं. सगळं एका बाजूला बसवा. मोबाइलवरून वाचू नका. उन्हं तिरपी मंचावर येत असतील तर स्क्रीन दिसत नाही, आणि नेमक्या "मी विनंती करते" पाशी कुणाचा तरी फोन वाजतो. वर दिलेल्या तिरप्या रेघा कार्डावर लाल पेनानं मारा: एक रेघ म्हणजे अर्धा श्वास, दोन म्हणजे पूर्ण थांबा. भोंग्यातून आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो, तो परतल्यावरच पुढचं वाक्य सुरू केलं तर शब्द एकमेकांवर चढत नाहीत. माइक तोंडापासून चार बोटं दूर ठेवा, "प" आणि "फ" ला फटकारा येत असेल तर जरासा बाजूला धरा.

मजकुराइतकीच महत्त्वाची आहे परिचयाची जागा. आपल्याकडे परिचय बहुतेक वेळा सत्काराला चिकटून होतो. नंतर सरपंच, उपसरपंच, संस्थेचे सचिव यांची मनोगतं होतात, आणि पाहुण्या बोलायला उभ्या राहतात तेव्हा परिचय होऊन अर्धा तास उलटलेला असतो. तोवर लोक सगळं विसरतात, म्हणून सूत्रसंचालक पुन्हा पहिल्यापासून ओळख करून देतो. प्रास्ताविकातही तेच येऊन गेलेलं असतं. तीन तोंडांतून तीच पदवी, आणि एकात आडनाव वेगळं! आजच सूत्रसंचालकाशी आणि प्रास्ताविक करणाऱ्याशी बसा आणि वाटणी करून घ्या. प्रास्ताविकात वाचनालय आणि व्याख्यान का ठेवलं ते. सत्कारात फक्त नाव आणि पद. परिचय भाषणाच्या अगदी आधी, मधे काहीही नको, "आता एक गीत" सुद्धा नको. तुमचं कार्ड संपलं की माइक पाहुण्यांच्या हाती.

मंचावर इतर मान्यवर असतीलच. कुणी जिल्हा परिषद सदस्य, कुणी पतसंस्थेचे अध्यक्ष. त्यांच्यापैकी कुणाचे कार्यकर्ते येऊन कानात सांगतील, "ताई, साहेबांबद्दलही दोन शब्द." त्यांना दुखवायचं कारण नाही आणि परिचयात घ्यायचंही कारण नाही. "साहेबांचं स्वागत सूत्रसंचालक करणार आहेत, त्यांच्याकडे नाव दिलंय" असं सांगायचं, आणि खरोखरच त्यांच्याकडे नाव आधी दिलेलं असू द्यायचं.

शेवटची एक शक्यता धरून ठेवा, कारण हंगामात ती वारंवार येते. ठरलेल्या मॅडमना ऐन वेळी दुसऱ्या तालुक्यात पाहणीला जावं लागतं आणि त्यांच्या जागी त्यांचे सहकारी येतात. परिचयाचा कागद कुणाकडेच नसतो. घाबरू नका, तुमच्या कार्डाचा पहिला भाग आणि शेवटचा भाग तसाच चालतो. बदलायची ती मधली चार-पाच वाक्यं. पाहुणे चहा घेत असताना जवळ जा आणि तीनच गोष्टी विचारा: "सर, नाव पूर्ण कसं घेऊ? सध्या पद कोणतं? आणि बोंडअळीवर तुम्ही स्वतः केलेलं एखादं काम, कुठल्या गावात?" उत्तरं कार्डाच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून घ्या आणि तिथल्या तिथे त्यांना वाचून दाखवा. पहिल्या कार्डावरचं जुनं नाव मात्र पेनानं पूर्ण खोडून काढा, नुसती रेघ मारू नका. मंचावरच्या उजेडात रेघेखालचं नाव वाचता येतं, आणि घाईत तेच तोंडून निघतं.